दिसेनासं झालं की थांबायचं : ड्रोनच्या नजरेचा मागोवा

९ जानेवारी २०२५ पासून राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने बेकायदा मासेमारीवर ड्रोनने नजर ठेवायला सुरुवात केली. त्यासाठी किनाऱ्यावर जी ठिकाणं निवडली, त्यांत सिंधुदुर्गातलं देवगड होतं. हे ड्रोन समुद्रावर उंचावरून फिरतात आणि त्यांच्या वाटेत आडवं येण्यासारखं काही नसतं. पण देवगडहून कुणकेश्वरकडे निघालं की दोन्ही बाजूंना कातळावरच्या हापूसच्या बागा लागतात. तिथे मोहोर जवळून पाहायचा, तर ड्रोनला चार मीटर उंचीवरून, गडगा आणि कलमांची रांग यांच्यामधल्या वाटेने न्यावं लागतं. तिथे फांदी आहे, माड आहे, विजेचा खांब आहे आणि खाली काम करणारी माणसं आहेत.

अशा ठिकाणी स्वतःहून थांबणारा ड्रोन आपल्या हाताने बांधता येईल का, हा प्रश्न आम्ही काही वर्षं धरून ठेवला. मधल्या काळात कॅमेरे बदलले, उड्डाणाचं सॉफ्टवेअर बदललं, आयातीचे नियमही बदलले. मागे वळून पाहताना मला एकच गोष्ट ठळक दिसते. समोर झाड दिसल्यावर ड्रोन थांबवणं हे या कामातलं सोपं अर्धं आहे. कठीण अर्धं आहे ते दिसणंच बंद झाल्यावर त्याला थांबवणं. पहिल्या अर्ध्याची तयार साधनं २०२१ पर्यंत जवळजवळ सगळी हाताशी आली होती. दुसरं अर्धं आजही ज्याचं त्यालाच जोडावं लागतं.

बंद पेटीपासून उघड्या सुट्या भागांपर्यंत

समोरचं पाहून थांबणारे ड्रोन बाजारात पहिल्यांदा गाजले ते २०१६ मध्ये. त्या वर्षी मार्चमध्ये डीजेआयचा फँटम ४ पुढच्या दोन कॅमेऱ्यांच्या जोडीसह आला. युनीकच्या टायफून एच या ड्रोनवर इंटेलचा रिअलसेन्स आर२०० कॅमेरा बसवून मिळू लागला. दोन्ही यंत्रं चांगली होती, पण त्यांतलं डोकं बंद पेटीत होतं. किती अंतरावर थांबायचं, कॅमेरा आंधळा झाला तर काय करायचं, हे सगळं कंपनीने ठरवून ठेवलेलं. विकत घेणाऱ्याला त्यात बोट घालता येत नव्हतं.

चित्र पालटलं ते २०१८ मध्ये. इंटेलने रिअलसेन्स डी४३५ हा लहानसा डेप्थ कॅमेरा विकायला काढला. तो यूएसबीने कुठल्याही संगणकाला जोडता येत होता आणि त्याचं सॉफ्टवेअर उघडं होतं. पुढच्या वर्षी, जून २०१९ मध्ये, रास्पबेरी पाय ४ आला. त्याला यूएसबी ३ चं तोंड होतं आणि कॅमेऱ्याची चित्रं वेळेत चाळण्याइतकी ताकदही होती. ड्रोनवर फ्लाइट कंट्रोलरच्या शेजारी बसणारा हा दुसरा संगणक, म्हणजे कंपॅनियन कॉम्प्युटर, त्यामुळे आवाक्यात आला.

कॅमेरा आणि फ्लाइट कंट्रोलर यांच्यामधला पूल २०२० मध्ये बांधला गेला. आर्डूपायलट या मुक्त सॉफ्टवेअरवर त्या वर्षी दोन तरुणांनी काम केलं. थिएन न्युएन यांनी डेप्थ कॅमेऱ्याचं चित्र वाचून फ्लाइट कंट्रोलरला अंतरं पाठवणारी स्क्रिप्ट लिहिली. ऋषभ सिंग यांनी फ्लाइट कंट्रोलरच्या आतलं अडथळा टाळण्याचं गणित तीन मितींत नेलं. त्याचं फळ २०२१ च्या कॉप्टर ४.१ या आवृत्तीत सगळ्यांच्या हाती पडलं. तोवर ड्रोनला फक्त आपल्या पातळीतलं कळत होतं, आता वरची आणि खालची फांदीही वेगळी धरता येऊ लागली.

आपल्याकडे २५ ऑगस्ट २०२१ ला नवे ड्रोन नियम आले आणि ९ फेब्रुवारी २०२२ ला तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आली. सुटे भाग मात्र आणता येत राहिले. त्यामुळे बागेसाठी नजर असलेला ड्रोन हवा, तर सुटे भाग जोडून तो बांधणं ही हौस राहिली नाही, तीच सरळ वाट झाली. मधल्या काळात कॅमेऱ्याचं काय होणार, ही धास्ती होती. ऑगस्ट २०२१ मध्ये इंटेलने रिअलसेन्सचा पसारा आवरायला घेतल्याची बातमी आली. पण डी४०० मालिकेतले कॅमेरे विकणं चालू राहिलं आणि जुलै २०२५ मध्ये रिअलसेन्स वेगळी कंपनी म्हणून उभी राहिली.

कॅमेरा किती लांबचं खरं सांगतो

डी४३५ मध्ये दोन इन्फ्रारेड कॅमेरे ५० मिलिमीटर अंतरावर बसवलेले असतात. समोरची फांदी डाव्या चित्रात जिथे दिसते, त्याच्यापेक्षा उजव्या चित्रात थोडी सरकलेली दिसते. हे सरकणं जितकं जास्त, तितकी वस्तू जवळ. लांबच्या वस्तूचं सरकणं इतकं थोडं असतं की ते पिक्सेलच्या अंशात मोजावं लागतं, आणि तिथे चूक वाढत जाते.

ही चूक अंतराच्या वर्गाने वाढते. ८४८ गुणिले ४८० पिक्सेलच्या चित्रात, कॅमेरा नीट जुळवलेला असेल, तर दोन मीटरवर ती दीड सेंटिमीटरच्या आसपास येते, चार मीटरवर सहा सेंटिमीटर आणि आठ मीटरवर जवळजवळ पाव मीटर. ही कागदावरची उत्तम स्थिती झाली. वाऱ्याने हलणारी पानं, पानांतून येणारी ऊन-सावली आणि ड्रोनची थरथर यांत ती बिघडते. म्हणून बागेत आम्ही सहा मीटरच्या पलीकडच्या आकड्यावर विसंबायचं नाही, असं ठरवलं. त्या कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात दहा मीटर लिहिलेलं असतं हे खरं, पण दहा मीटरवर काहीतरी आहे हे कळणं आणि त्या आकड्यावर ब्रेक लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एकदा सहा मीटर हा आकडा पक्का झाला की ड्रोनचा वेग आपोआप ठरतो. थांबायला लागणारं अंतर दोन तुकड्यांचं असतं. फांदी कॅमेऱ्यासमोर आल्यापासून ड्रोन प्रत्यक्ष मागे कलू लागेपर्यंत तो त्याच वेगाने पुढे जात राहतो. चित्र घेणं, ते चाळणं, संदेश पाठवणं आणि कलायला लागणं या सगळ्याला मिळून ०.४ सेकंद धरावेत. त्यानंतर ब्रेक लागतो. अंगावरचं वजन पाहता दर सेकंदाला २ मीटर प्रति सेकंद इतका वेग कमी होतो, असं धरलेलं बरं.

ताशी अठरा किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेगाने गेलं, तर पहिल्या तुकड्यात २ मीटर जातात आणि ब्रेकमध्ये सव्वासहा. झाडापासून २ मीटर मोकळे ठेवायचे म्हटलं, तर सव्वादहा मीटरवरून झाड दिसायला हवं. ते कॅमेऱ्याच्या भरवशाबाहेरचं आहे. सेकंदाला ३ मीटर वेग धरला, तर पहिल्या तुकड्यात १.२ मीटर, ब्रेकमध्ये २.२५ आणि मोकळे २, म्हणजे साधारण साडेपाच मीटर होतात. हे सहाच्या आत बसतं. म्हणून बागेत वेग ३ मीटर प्रति सेकंद. तो मोटारींनी ठरवला नाही, बॅटरीनेही नाही, कॅमेऱ्याने ठरवला. वारा पाठीशी असेल तर ब्रेक आणखी लांबतो, म्हणून दुपारी समुद्राकडून वारा सुटला की उड्डाण बंद.

थांबणं म्हणजे नुसतं थांबणं

आर्डूपायलटमध्ये अडथळा समोर आल्यावर काय करायचं, याचे पर्याय आहेत. मुळात दिलेली वागणूक बाजूला सरकण्याची आहे. पायलटने काठी पुढे दाबून धरली, तर ड्रोन भिंतीच्या कडेकडेने घसरत वाट काढतो. शिवाय अडथळा ठरलेल्या अंतराच्या आत आला, तर तो स्वतःहून मागे हटतो. मोकळ्या मैदानात दोन्ही गोष्टी छान वाटतात.

बागेत मात्र दोन्ही घातक आहेत, कारण कॅमेरा एकच आहे आणि तो पुढे पाहतो. त्याची आडवी नजर ८७ अंशांची. फ्लाइट कंट्रोलर भोवतालचं वर्तुळ ४५ अंशांच्या आठ फाकांत विभागतो. त्यांतली समोरची एक फाक पूर्ण दिसते, तिच्या शेजारच्या दोन अर्ध्या दिसतात आणि उरलेल्या पाच दिशांना पूर्ण अंधार असतो. बाजूला घसरणारा किंवा मागे हटणारा ड्रोन त्या अंधारात जातो, आणि रांगेच्या वाटेत मागे बहुधा दुसऱ्या कलमाचा घेर असतो. म्हणून सुरक्षित थांबण्याचा अर्थ आम्ही अगदी कोरडा ठेवला : आहेस तिथे, त्याच उंचीवर थांब, आणि पुढचं माणूस ठरवेल. त्यासाठीच्या नोंदी एवढ्याच :

```
PRX1_TYPE         2
AVOID_ENABLE      3
AVOID_MARGIN      2
AVOID_BEHAVE      1
AVOID_BACKUP_SPD  0
OA_TYPE           0
LOIT_SPEED        300
SCR_ENABLE        1
```

पहिली ओळ सांगते की अंतरं मॅवलिंकवरून, म्हणजे शेजारच्या संगणकाकडून येणार. `AVOID_BEHAVE` चा १ म्हणजे घसरू नकोस, थांब. `AVOID_BACKUP_SPD` शून्य केल्यावर मागे हटणं बंद होतं. `OA_TYPE` शून्य ठेवल्याने झाडाला वळसा घालून जायची वाट शोधणंही बंद राहतं. हे सगळं लॉइटर मोडमध्ये, हातात रिमोट घेतलेल्या माणसासाठी आहे. ठरवून दिलेल्या मार्गाने आपोआप उडणाऱ्या ऑटो मोडला हे साधं थांबणं लागू होत नाही. ते माहीत नसेल, तर सगळ्या नोंदी बरोबर असूनही ड्रोन ठरलेल्या वाटेने सरळ झाडात जाऊ शकतो.

शून्याचा अर्थ

आता त्या कठीण अर्ध्याकडे येतो. डेप्थ कॅमेऱ्याच्या चित्रात प्रत्येक पिक्सेलचा आकडा मिलिमीटरमधलं अंतर असतो. पण जिथे कॅमेऱ्याला दोन चित्रांची जुळणी करता आली नाही, तिथे तो शून्य लिहितो. आकाश निळं, गुळगुळीत, त्यावर जुळवायला काही नाही : शून्य. पांढरी चुना दिलेली भिंत : शून्य. मावळतीचा सूर्य थेट भिंगात आला : शून्य. भिंगावर खारं धुकं बसलं : शून्य. आणि पान कॅमेऱ्यापासून साधारण २० सेंटिमीटरच्या आत आलं, तरी शून्यच.

म्हणजे सगळ्यांत निर्धोक स्थिती आणि सगळ्यांत धोक्याची स्थिती यांना कॅमेरा एकच आकडा देतो. मॅवलिंकच्या `OBSTACLE_DISTANCE` या संदेशात मात्र दोन्ही वेगळे सांगायची सोय आहे. कमाल अंतराच्या वर एक सेंटिमीटर पाठवलं, तर त्याचा अर्थ ‘वाट मोकळी’. ६५५३५ पाठवलं, तर ‘माहीत नाही’. शून्याचं या दोघांपैकी काय करायचं, हे मधल्या संगणकावरचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ठरवायचं असतं.

त्यात आणखी एक पेच आहे. फ्लाइट कंट्रोलरला ‘माहीत नाही’ असं कळलं, किंवा संदेश येणंच थांबलं, तर आर्डूपायलटमध्ये त्या दिशेचा अडथळा काही वेळाने पुसला जातो आणि काठी पुन्हा मोकळी होते. कॅमेऱ्याची केबल निघाली, तर ड्रोन थांबत नाही, तो आंधळेपणाने पायलटचं ऐकू लागतो. दुसरं मुक्त सॉफ्टवेअर पीएक्स४. त्याने इथे उलटा निर्णय घेतला. तिथे अर्धा सेकंद अंतरं आली नाहीत, तर आडवी हालचाल बंद होते. पाच सेकंद आली नाहीत, तर ड्रोन होल्ड मोडमध्ये जातो. ज्या दिशेला सेन्सरच नाही, तिकडे मुळात जाऊ दिलं जात नाही. बागेसाठी हाच स्वभाव योग्य आहे, असं माझं ठाम मत आहे. आर्डूपायलट वापरायचं तर तो आपण वरून जोडावा लागतो.

पण ‘शून्य दिसलं की थांब’ एवढाच नियम घातला, तर कुणकेश्वरात ड्रोन हलणारच नाही. बागा उतारावर आहेत, पश्चिमेला समुद्र आणि त्यावर मोकळं आकाश. तिकडे तोंड केलं की चित्राचा वरचा भाग सगळा शून्य. तेव्हा आकाशाचं शून्य आणि आंधळेपणाचं शून्य वेगळं करण्यासाठी साक्षीदार हवा. तो साक्षीदार आम्हाला जमिनीत सापडला.

कॅमेरा सरळ समोर न ठेवता १५ अंश खाली झुकवून बसवला. त्याची उभी नजर ५८ अंशांची. झुकवल्यावर तिची खालची कड क्षितिजाखाली ४४ अंशांपर्यंत जाते. चार मीटर उंचीवरून तिथली जमीन कॅमेऱ्यापासून पावणेसहा मीटरवर असते, म्हणजे भरवशाच्या सहा मीटरच्या आत. कातळ, सुकं गवत, पडलेला पाला यांत जुळवण्यासारखं भरपूर असतं. कॅमेरा शाबूत असेल, तर ही जमीन त्याला दिसायलाच हवी. क्षितिजाच्या वर शून्य असेल, तर ते आकाश मानता येतं. क्षितिजाच्या खाली शून्य पसरलं, तर ती भिंत असो, ऊन असो की मीठ असो, काहीतरी बिघडलं आहे.

शेजारच्या संगणकावरचा गाभा मग इतका छोटा राहतो :

```python
h = horizon_row(pitch)
below = depth[h+20:460, 280:568]
seen = (below > 200).mean()
if seen > 0.6:
    band = depth[max(h-60, 0):h+60, 280:568]
    v = band[band > 200]
    cm = MAX_CM + 1
    if v.size > 500:
        cm = min(cm, np.percentile(v, 5) / 10)
    send_distance(cm)
```

पहिली ओळ ड्रोन किती कलला आहे त्यावरून क्षितिज चित्राच्या कितव्या ओळीत आहे, ते काढते. ही ओळ गाळली, तर सगळं फसतं. ब्रेक लावताना ड्रोन साडेअकरा अंशांनी मागे कलतो, आणि चित्रातलं क्षितिज नव्वदएक पिक्सेल सरकतं. झाड जवळ येत असताना, नेमकं थांबायच्या क्षणी, प्रोग्रॅम भलत्याच पट्टीकडे पाहत राहतो. पुढे, क्षितिजाखालच्या पिक्सेलपैकी साठ टक्क्यांहून अधिक खरे असतील, तरच अंतर पाठवायचं. सगळ्यांत जवळचा एकच पिक्सेल न घेता सगळ्यांत जवळच्या पाच टक्क्यांची सीमा घेतली आहे, कारण डेप्थ चित्रात सुटे खोटे ठिपके तरंगत असतात आणि त्यांनी ड्रोन विनाकारण अडकतो. साक्ष पुरेशी नसेल तेव्हा प्रोग्रॅम काहीच पाठवत नाही. गप्प राहणं हाच त्याचा धोक्याचा इशारा.

तो इशारा ऐकायला फ्लाइट कंट्रोलरवर एक छोटी लुआ स्क्रिप्ट ठेवायची :

```lua
local LOITER, BRAKE, GOOD = 5, 17, 2
function update()
  if arming:is_armed() and vehicle:get_mode() == LOITER
     and proximity:get_status() ~= GOOD then
    vehicle:set_mode(BRAKE)
    gcs:send_text(2, "PRX no data: BRAKE")
  end
  return update, 100
end
return update()
```

अर्धा सेकंद अंतराचा संदेश आला नाही की आर्डूपायलट त्या सेन्सरची स्थिती ‘चांगली’वरून ‘माहिती नाही’वर आणतं. स्क्रिप्ट सेकंदाला दहा वेळा ते तपासते आणि ड्रोनला ब्रेक मोडमध्ये टाकते. त्या मोडमध्ये तो जागच्या जागी उभा राहतो आणि काठ्यांचं ऐकत नाही. पायलटला सुटका हवी, तर त्याने मोडचा स्विच अल्टहोल्डवर टाकायचा. स्क्रिप्ट फक्त लॉइटरवर लक्ष ठेवते, म्हणून हातातला ताबा कधीच हिरावला जात नाही. ही वाट मुद्दाम उघडी ठेवली आहे. कॅमेरा बिघडलेला ड्रोन खाली उतरवायला शेवटी माणूसच लागतो.

आता हिशेब पुन्हा मांडू. कॅमेरा आंधळा झाला, त्याआधीच्या शेवटच्या चांगल्या चित्राने सहा मीटर वाट मोकळी सांगितली होती. त्यानंतर अर्धा सेकंद वाट पाहण्यात गेला, ०.१ सेकंद स्क्रिप्टच्या फेरीत आणि ०.२ सेकंद कलण्यात. ०.८ सेकंदात ३ मीटरच्या वेगाने २.४ मीटर गेले. ब्रेकमध्ये २.२५. एकूण ४.६५ मीटर. सहामधून वजा केले, तर १.३५ मीटर उरतात. म्हणजे डोळे गेल्यावरही ड्रोन पाहिलेल्या हद्दीच्या आतच थांबतो. सगळी रचना या एका वजाबाकीवर उभी आहे. वेग ४ मीटर केला, तर ती शून्याखाली जाते.

साडी, धोतर आणि केबल

हे खरंच चालतं का, याची परीक्षा पंखे काढून सुरू करावी. ड्रोन हातात धरून चिऱ्याच्या गडग्याकडे चालत जायचं आणि लॅपटॉपवर मिशन प्लॅनरमध्ये Ctrl+F दाबून Proximity ची खिडकी उघडायची. गडगा जवळ येताना आकडा उतरत जायला हवा. मग हाताने कॅमेरा झाकायचा. आकडा तसाच अडकून राहिला, तर तिथेच थांबून दोष शोधावा. बहुधा कॅमेऱ्याची फ्रेम गोठलेली असते आणि प्रोग्रॅम तेच जुनं अंतर ताजं म्हणून पाठवत राहतो. नवी फ्रेम आली नसेल, तर संदेशच जाऊ नये, ही तपासणी प्रोग्रॅममध्ये असलीच पाहिजे.

उडवताना पहिली भिंत कापडाची करावी. दोन बांबूंमध्ये दोरी बांधून त्यावर नक्षीची जुनी साडी टाकली की ती कॅमेऱ्याला लख्ख दिसते. तिच्यावरच्या बुट्ट्या आणि काठ दोन्ही चित्रांत नेमके जुळतात. ड्रोन दोन मीटर आधी उभा राहतो. मग त्याच दोरीवर पांढरं धोतर टाकायचं. माणसाच्या डोळ्याला दोन्ही सारखीच दिसतात, कॅमेऱ्याला धोतर दिसतच नाही. तिथे ड्रोन थांबतो तो अडथळा मोजून नाही, जमिनीची साक्ष हरवल्यामुळे. म्हणूनच धोतर जमिनीपर्यंत लोंबलेलं हवं. पडद्याच्या खालून जमीन मोकळी दिसत राहिली, तर साक्ष पुरी होते आणि ड्रोन पुढे जातो. या पद्धतीची ती खरी मर्यादा आहे : हवेत लटकणारी, गुळगुळीत, एकरंगी वस्तू तिला पकडता येत नाही. शेवटची परीक्षा उंच मोकळ्या जागेत, उडता उडता दूरून कॅमेऱ्याची प्रक्रिया बंद करण्याची. नंतर लॉगमधल्या `PRX` नोंदीत सेन्सरची स्थिती कधी पडली आणि वेग कधी शून्यावर आला, हे शेजारी शेजारी लावून ०.८ सेकंदांचा अंदाज पडताळता येतो.

एक बिघाड असा आहे की तो कॅमेऱ्यात असूनही कॅमेऱ्यात दिसत नाही. यूएसबी ३ च्या केबलमधून जो विद्युत गोंगाट बाहेर पडतो, तो जीपीएसच्या लहरींच्या जवळ असतो. कॅमेरा चालू केला की उपग्रहांची संख्या घसरते, ड्रोन जागा सोडून वाहू लागतो, आणि ब्रेक मोडला तर जागेवर उभं राहण्यासाठी जीपीएसच लागतं. म्हणजे सुरक्षेसाठी लावलेलं उपकरणच सुरक्षा काढून घेतं. ओळखायची खूण सोपी : जमिनीवरच, कॅमेरा बंद आणि चालू करून, उपग्रहांची संख्या पाहायची. उपाय म्हणजे आखूड, चांगल्या वेष्टणाची केबल, तिच्यावर तांब्याची पट्टी आणि जीपीएसला वर काढून उंच दांडीवर बसवणं.

जे अजून दिसत नाही

इतक्या वर्षांनंतरही या नजरेला तार दिसत नाही. पाच मीटरवरची एक सेंटिमीटर जाडीची तार चित्रात एक पिक्सेलही भरत नाही. त्यात ती आडवी असली, तर आणखी अवघड. दोन्ही कॅमेरे आडव्या रेषेत आहेत. आडवी तार दोन्ही चित्रांत सारखीच दिसते आणि तिचा कुठला तुकडा कुठे सरकला, हे ठरवता येत नाही. पंपाकडे जाणारी वीजवाहिनी बागेत असतेच. तिच्यासाठी नजरेवर विसंबायचं नाही. तारेची बाजू वगळून फ्लाइट कंट्रोलरमध्ये कुंपण आखायचं, आणि हे काम प्रत्येक बागेत पायी फिरून करायचं. पाण्यावरही ही रचना चालत नाही, कारण लाटांची चमक साक्षीदार म्हणून चालत नाही. कुणकेश्वराच्या मंदिरासमोरच्या किनाऱ्यावर, त्यातही महाशिवरात्रीच्या यात्रेत, हा ड्रोन नेण्याचा प्रश्नच येत नाही.

आज कोणी नव्याने सुरू करणार असेल, तर कॅमेऱ्याची निवड किंवा संगणकाची ताकद यांपासून सुरू करू नये, असं मी सांगेन. आधी कागदावर ती वजाबाकी करावी : किती लांबचं खरं दिसतं, आणि नजर गेल्यापासून थांबेपर्यंत किती जातं. उरलेला आकडा एक मीटरपेक्षा जास्त यायला हवा. मग प्रत्येक शून्याला त्याचा अर्थ द्यावा, आणि अर्थ लागत नसेल तिथे ‘मोकळं’ असं कधीही लिहू नये. झाडाला वळसा घालून पुढे जाणं, चारही बाजूंना कॅमेरे लावणं, हे सगळं त्यानंतर येतं. आर्डूपायलटने सेन्सर गप्प झाल्यावरचं थांबणं एक दिवस आपल्याच पोटात घ्यावं, ही माझी मनापासूनची मागणी आहे. तोवर ती दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट बागेत उडणाऱ्या प्रत्येक ड्रोनवर असली पाहिजे.